कांदा मिरचीला म्हणाला

परदेशात मूल वाढवणाऱ्या मराठी आईवडिलांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं : "तिला सगळं समजतं, पण उत्तर मात्र इंग्रजीत देते." या एका वाक्यात अडचण नेमकी कुठे आहे ते दडलेलं असतं. "त्या कांद्याला कोंब आलाय, टाकून दे" असं आई म्हणाली, की आठ वर्षांची मुलगी उठून बरोबर तोच कांदा कचऱ्यात टाकते. ऐकताना तिला 'कांद' आणि 'कोंब' एवढं कानावर पडलं तरी पुरतं. 'कांद्याला' या शब्दाचं शेपूट तिने नीट ऐकलं नाही, तरी काम होतं. बोलायची वेळ आली की तेच शेपूट लागतं. 'कांदाला' म्हणायचं की 'कांद्याला', कोंब 'आला' की 'आली' की 'आलं', हे ठरवता येत नाही, म्हणून ती वाक्य सुरूच करत नाही आणि इंग्रजीकडे वळते.

म्हणून अशा मुलांना आणखी शब्द शिकवून फारसं काही हाती लागत नाही. फ्रिजवर, दारावर, खुर्चीवर चिठ्ठ्या चिकटवलेली घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्या घरातल्या मुलांना शंभर नामं येतात, पण सुटी सुटी. त्यांना लागतो तो असा खेळ, ज्यात शब्दाचं शेपूट बरोबर लावल्याशिवाय डाव पुढे जात नाही आणि तरीही शिकवणी चालू आहे असं वाटत नाही. असा एकच खेळ इथे सविस्तर सांगते. तो जेवणाच्या टेबलावर सुरू होतो, त्याची गोष्ट होते आणि शेवटी त्याच गोष्टीचं मुलाला वाचता येईल असं पुस्तक होतं. साधारण सहा ते दहा वर्षांच्या, मराठी समजणाऱ्या पण न बोलणाऱ्या मुलांसाठी तो आहे. अजून शाळेत न जाणाऱ्या मुलांबरोबर पहिले दोन टप्पे खेळावेत, वाचनाची घाई करू नये.

आजीची मंडई

न्यू जर्सीतलं एक घर डोळ्यांसमोर आणा. आई, बाबा, आठ वर्षांची मुलगी आणि व्हिडिओ कॉलवर साताऱ्याची आजी. उन्हाळ्यात तिथे शनिवारी सकाळचे आठ वाजतात तेव्हा साताऱ्यात संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. दोघींनाही ही वेळ सोयीची आहे. टेबलावर तीन वस्तू ठेवा : एक कांदा, एक मिरची, एक वांगं. हे तीन शब्द मुद्दाम निवडले आहेत. कांदा 'तो', मिरची 'ती', वांगं 'ते', आणि तिघांचं लिंग त्यांच्या शेवटच्या आवाजावरूनच ओळखता येतं.

बाबा सुरुवात करतात : "आजीने मंडईतून एक कांदा आणला." आई ते वाक्य पुन्हा म्हणते आणि त्यात एका वस्तूची भर घालते : "आजीने मंडईतून एक कांदा आणला, एक मिरची आणली." मग मुलीने दोन्ही म्हणून तिसरी वस्तू जोडायची : "एक वांगं आणलं." पुढे आजी स्वतःच एखादी काकडी आणते. असं करत पाच-सहा वस्तूंपर्यंत जावं आणि थांबावं. त्यापुढे मुलांचं सगळं लक्ष आठवण्यात जातं आणि बोलण्याकडे राहत नाही.

या वाक्यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे, म्हणून तो बदलू नका. 'आजीने आणला' या रचनेत क्रियापद आजीप्रमाणे बदलत नाही, आणलेल्या वस्तूप्रमाणे बदलतं. आजी बाई आहे म्हणून मूल "आजीने कांदा आणली" म्हणतं. 'मी गेलो' म्हणणारा मुलगा त्याच न्यायाने 'मी पोळी खाल्लो' म्हणतो. त्याचा तर्क सरळ आहे, फक्त मराठीचा नियम इथे वेगळा आहे. तो समजावून सांगायची गरज नाही. जेवताना तेच वाक्य वीस-पंचवीस वेळा सगळ्यांच्या तोंडून ऐकलं, की कान तो नियम उचलतो.

'एक' हा शब्दही काढू नका. तो गेला की मूल "वांगी आणली" म्हणेल. ते बरोबरच आहे, पण मग 'मिरची आणली' आणि 'वांगी आणली' एकसारखं ऐकू येतं, आणि ज्याला अजून तो-ती-ते बसलेलं नाही त्याचा गोंधळ उडतो. अनेकवचनाला पुढे भरपूर वेळ आहे.

मंडईऐवजी जेवणाच्या ताटावरही हा खेळ खेळता येतो : "आज मी भात खाल्ला, पोळी खाल्ली, थालीपीठ खाल्लं." फक्त त्यात पेयं घेऊ नका. 'खाणे' पदार्थाप्रमाणे बदलतं, पण 'पिणे' पिणाऱ्याप्रमाणे बदलतं. मुलगा "मी दूध प्यायलो" म्हणतो आणि मुलगी "मी दूध प्यायले" म्हणते, आणि दोन्ही बरोबर आहेत. एकाच डावात दोन्ही आले, तर आधी मिळवलेलं विस्कटतं. दूध, ताक, चहा हवेच असतील तर मंडईच्या खेळात घ्या, कारण 'दूध आणलं' नेहमीच्या नियमाने चालतं.

पहिले काही दिवस फक्त आकारान्त, ईकारान्त आणि 'अं'ने संपणारे शब्द घ्या : बटाटा, मुळा, आंबा, काकडी, भेंडी, टोपली, केळं, लोणचं, अंडं. यातही फसवणारे शब्द आहेत. पाणी, दही, लोणी 'ई'ने संपतात पण ते 'ते' आहेत, आणि हत्ती 'तो' आहे. ते सुरुवातीला टाळा. व्यंजनाचा आवाज शेवटी असलेल्या शब्दांवरून काहीच कळत नाही. भात तो, डाळ ती, वरण ते. असे शब्द एकेक करून, घरात ज्या दिवशी तो पदार्थ होईल त्या दिवशी आणा. इंग्रजीतून आलेल्या शब्दांवर वाद घालू नका. कुणाकडे एखादा पदार्थ 'तो' असतो, कुणाकडे 'ते'. घरात जे चालतं ते चालू द्या.

मूल चुकलं की काय करायचं, यावर हा खेळ टिकतो किंवा मोडतो. "आजीने मिरची आणला" असं मुलगी म्हणाली तर "चुकलं" म्हणू नका, तिला परतही म्हणायला लावू नका. तुमची पाळी येईल तेव्हा तेच वाक्य बरोबर म्हणा, 'आणली'वर किंचित जोर देऊन. खेळाच्या रचनेतच प्रत्येकाने मागचं सगळं म्हणायचं असल्यामुळे दुरुस्ती कुणालाही न दुखावता होते. मराठी शब्द आठवला नाही आणि ती "एक कॅरट आणलं" म्हणाली तर ते चालवून घ्या. वाक्याचा सांगाडा मराठी राहिला, हे महत्त्वाचं. पुढची व्यक्ती "एक गाजर आणलं" म्हणून शब्द पुरवेल. इंग्रजी शब्दाला दंड लावणारे खेळ मी पाहिले आहेत. त्यात मुलं लवकर मराठी बोलू लागत नाहीत, लवकर गप्प होतात.

नियम अंगात मुरला की नाही, हे ओळखायची एक सोपी चाचणी आहे. खेळात कधीही न आलेली वस्तू मुलासमोर ठेवा. समजा डबा, चटई, भांडं. "बाबांनी दुकानातून काय आणलं?" असं विचारा. "एक डबा आणला, एक चटई आणली" असं आपसूक आलं, तर पुढच्या टप्प्याला लागा. खेळातले शब्द बरोबर आणि नवे चुकीचे येत असतील, तर मुलाने वाक्यं पाठ केली आहेत. मग रोज एक-दोन नव्या वस्तू घालून आणखी काही दिवस इथेच थांबा.

कुणी कुणाला म्हणालं?

आता त्याच तीन वस्तूंना बोलतं करायचं. टोपलीत कांदा, मिरची आणि वांगं आहे, आणि स्वयंपाकघरातून सुरी येणार आहे. एवढीच सुरुवात द्या. नियम एकच : प्रत्येकाने आपलं वाक्य 'कोण कुणाला म्हणालं' इथूनच सुरू करायचं. मग डाव असा चालतो.

बाबा : "कांदा मिरचीला म्हणाला, चल, पळू."

मुलगी : "मिरची वांगंला म्हणाली, मला पाय नाहीत."

आई : "मिरची वांग्याला असं म्हणाली? मग वांगं कांद्याला म्हणालं, आपण गडगडत जाऊ."

मुलगी : "कांदा वांग्याला म्हणाला, तू गोल नाहीस!"

या चार ओळींत काय घडलं ते पाहा. म्हणाला, म्हणाली, म्हणालं हे मंडईतून आलेलं कौशल्य इथे वापरात आलं. त्याच्या जोडीला नवी गोष्ट आली ती सामान्यरूपाची. मराठीत नामाला प्रत्यय लागण्याआधी नाम स्वतःच बदलतं : कांदा, पण कांद्याला, वांगं, पण वांग्याला. ईकारान्त स्त्रीलिंगी नाम तसंच राहतं : मिरची, मिरचीला. परदेशात वाढलेली मुलं पहिल्यांदा सगळ्यांना एकच न्याय लावून 'कांदाला, वांगंला' म्हणतात. मुलीने पहिल्या पाळीला 'वांगंला' म्हटलं, आईने गोष्टीतल्या प्रश्नात 'वांग्याला' म्हटलं आणि पुढच्या पाळीला मुलीच्या तोंडून 'वांग्याला' आलं. इतक्या झटपट नेहमी होत नाही. काही मुलांना त्यासाठी कित्येक गोष्टी लागतात. पण हे होतं ते असंच, गोष्ट न थांबवता.

पात्रं हळूहळू वाढवा, मात्र प्रत्येक नवं पात्र काय बदल घडवतं हे आधी मनात ठरवा. बटाटा, मुळा, भोपळा हे कांद्याच्या वाटेने जातात : बटाट्याला, मुळ्याला, भोपळ्याला. गाजर, घर, झाड 'आ' घेतात : गाजराला, घराला, झाडाला. उंदीर आला की 'उंदराला' होतं आणि मधला 'ई' गळतो. तो थोडा अवघड आहे, पण मुलांना उंदीर फार आवडतो, म्हणून लवकर आणायला हरकत नाही. एका गोष्टीत एकच अवघड पात्र घ्या.

काही मुलांना स्वतःचं वाक्य रचायचं धाडस पहिल्या दिवशी होत नाही. त्यांच्यासाठी आपल्याकडे आधीच एक गोष्ट तयार आहे, ती म्हातारी आणि भोपळ्याची. लेकीच्या घरी निघालेल्या म्हातारीला वाटेत एकेक जनावर भेटतं, प्रत्येक जण तिला खायला निघतो आणि प्रत्येकाला ती तेच उत्तर देते : लेकीकडे जाते, चांगली जाडजूड होऊन येते, मग खा. परतीच्या वाटेवर भोपळ्यात बसून ती सगळ्यांना चकवते. गोष्ट जशी आठवते तशी सांगा, शब्द तुमचेच असू द्या. पहिल्या वेळी मुलाला जनावराची भूमिका द्या, कारण त्याला एकच छोटं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचं असतं. ते पक्कं झालं की भूमिका बदला आणि मुलाला म्हातारी करा. शेवटी जनावरं मुलाला निवडू द्या. न्यू जर्सीतल्या मुलीने वाघाच्या जागी अस्वल आणलं तर गोष्टीचं काही बिघडत नाही. "म्हातारी अस्वलाला म्हणाली" हे मात्र तिला म्हणावं लागतं.

व्हिडिओ कॉलवर गोष्ट खेळताना एक अडचण येते. आवाज क्षणभर उशिरा पोचतो, त्यामुळे दोघांनी एकत्र म्हणायच्या ओळी फसतात. पाळीपाळीने बोलायचे खेळ मात्र उत्तम चालतात. आजीला आधी दोन मिनिटं सांगून ठेवा की पुढचं वाक्य मुलीचं आहे, तिला वेळ लागला तरी आजीने ते पुरं करू नये. प्रेमापोटी वाक्य पुरं करून देणारी मोठी माणसं हा खेळातला सर्वांत मोठा अडथळा असतात. मनातल्या मनात सावकाश दहापर्यंत मोजायचं आणि मगच मदत करायची, तीही पूर्ण वाक्याची नाही, पहिल्या शब्दाची.

गोष्टीत बोलताना मुलाचे उच्चारही ऐकू येतात. इंग्रजीत आपला 'त' नाही आणि आपला 'ट'ही नाही, दोन्हींच्या मधला एक आवाज आहे. म्हणून मुलं ताक आणि टाक, वात आणि वाट, सात आणि साठ एकसारखे म्हणतात. 'ल' आणि 'ळ' यांचंही तेच : माल-माळ, गाल-गाळ. इथे आधी कान तयार करावा लागतो. मुलाच्या समोर ताकाचा पेला आणि हातात मऊ चेंडू द्या. "ताक" म्हटलं की पेल्याला हात लावायचा, "टाक" म्हटलं की चेंडू टाकायचा. ऐकून बरोबर करायला लागलं की मुलाने हुकूम द्यायचा आणि तुम्ही ऐकायचं. त्याने "टाक" म्हणताना "ताक" म्हटलं तर तुम्ही पेल्याला हात लावा. त्याला हवी होती ती गोष्ट झाली नाही, एवढ्यावरून ते जीभ हलवून पाहतं. 'त'ला जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं, 'ट'ला ते मागे वळून टाळूला लागतं, हे आरशात दाखवा. क आणि ख यांच्यासाठी तोंडासमोर पातळ कागदाची पट्टी धरा. 'ख'ला ती हलली पाहिजे, 'क'ला जवळजवळ स्थिर राहिली पाहिजे. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचा शब्दाच्या सुरुवातीचा 'क' बहुधा पट्टी हलवतो.

गोष्ट वाचायची

वाचन सुरू करताना पुष्कळ आईवडील मराठी रोमन लिपीत लिहून देतात. असं करू नका. त्या लिपीत ताक आणि टाक, माल आणि माळ एकसारखे दिसतात. इतक्या कष्टाने वेगळे केलेले आवाज पुन्हा एकत्र होतात.

देवनागरीची सुरुवात वर्णमालेच्या क्रमाने करायची गरज नाही. क, म, प, न, ल ही पाच अक्षरं आणि एक काना घ्या. एवढ्यातून काका, मामा, नाक, कान, मान, पान, पाल, लाल, काम, माप, कमान, पालक हे शब्द होतात. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर एकेक शब्द मोठ्या अक्षरात लिहा आणि वाचून कृती करायचा खेळ खेळा : चिठ्ठी उचलायची, मनात वाचायची आणि त्या वस्तूला हात लावायचा. 'नाक' आणि 'कान' या दोन चिठ्ठ्यांकडे नीट लक्ष ठेवा. दोन्हींत तीच अक्षरं आहेत, क्रम फक्त उलटा. मूल कानाऐवजी नाकाला हात लावतं, तेव्हा ते शब्दाच्या आकारावरून अंदाज बांधत आहे, अक्षरं जोडून वाचत नाही. अशा वेळी राक्षसांची नावं करा : लापाक, कामाना, नामल. या शब्दांना अर्थच नाही, त्यामुळे अंदाज चालत नाही. मुलाने नाव वाचायचं आणि त्या राक्षसाचं चित्र काढायचं.

हाताने लिहिताना पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' लिहा. 2009 सालच्या महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाने मराठीसाठी हीच रूपं ठरवली. मोबाईलवर, संगणकावर आणि हिंदी पुस्तकांत मुलाला या अक्षरांची दुसरी रूपं दिसतील. ती दिसली की एवढंच सांगा की हेही 'ल'च आहे. आधी सांगून ठेवायची गरज नाही.

काना झाला की दुसरी वेलांटी आणा, पहिली नंतर. दुसरी वेलांटी अक्षराच्या मागे लिहिली जाते आणि मागेच उच्चारली जाते : काकी, मामी. शिवाय मराठी शब्दांच्या शेवटी ती सतत भेटते. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची अक्षराच्या नंतर. इंग्रजी वाचायला शिकलेलं मूल डावीकडून उजवीकडे एकेक खूण म्हणत जातं आणि 'किती'पाशी अडतं. त्यासाठी वेलांटी पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यावर काढा. आधी मुलाला फक्त 'क' दाखवा आणि म्हणायला लावा. मग त्यावर तुकडा सरकवा आणि 'कि' म्हणायला लावा. तुकडा काढून, घालून ते स्वतः खेळू लागलं की बोट नेहमी आधी अक्षरावर ठेवायची सवय लागते.

यापुढे खेळ पुन्हा कांद्या-मिरचीकडे येतो, कारण आता त्याच गोष्टीचं पुस्तक करायचं आहे. एक मोठा कागद आठ भागांत दुमडा आणि छोटं पुस्तक करा. पहिल्या पानावर नाव आणि मुलाचं चित्र. पुढच्या सात पानांवर मुलाने सांगितलेली गोष्ट, पानाला एक ओळ, एका ओळीत तीन ते सहा शब्द, अक्षरं बोटाच्या पेराएवढी. न्यू जर्सीतल्या मुलीचं पुस्तक असं होईल :

टोपलीत कांदा होता.
टोपलीत मिरची होती.
टोपलीत वांगं होतं.
कांदा मिरचीला म्हणाला, "चल, पळू."
मिरची वांग्याला म्हणाली, "मला पाय नाहीत."
वांगं कांद्याला म्हणालं, "गडगडत जाऊ."
सुरी आली. टोपली रिकामी!

मुलगी जे म्हणाली तेच लिहा. फक्त 'वांगंला'सारखं काही असेल तर ते लिहिताना बरोबर करा. गोष्ट तिची आहे, त्यामुळे पुढे काय येणार हे तिला ठाऊक असतं आणि सगळा जोर अक्षरांवर देता येतो. 'कांद्याला' आणि 'वांग्याला' वाचताना 'द्या' आणि 'ग्या' ही जोडाक्षरं समोर येतात. तोंडाने हे शब्द शेकडो वेळा म्हटलेले असल्यामुळे त्यांची भीती वाटत नाही. मोठ्यांना जोडाक्षर म्हणजे वाचनाचा शेवटचा धडा वाटतो, पण सामान्यरूपांमुळे साध्यातल्या साध्या मराठी गोष्टीत ते पहिल्या पानापासून असतं.

'वांगं' या शब्दावर थोडं थांबा. त्यात दोन टिंबं आहेत आणि दोन्हींचं काम वेगळं आहे. पहिल्या टिंबाचा आवाज नाकातून येतो. शेवटचं टिंब नाकातून म्हणायचं नाही, ते फक्त 'ग'मधला 'अ' लांबवतं. मुलांना हे एकदा दाखवलं की केळं, लोणचं, म्हणालं सगळंच सुटतं. छापील पुस्तकांत काही ठिकाणी 'वांगे' आणि 'म्हणाले' दिसेल. तेव्हा सांगा की पुस्तक असं लिहितं आणि आपण असं बोलतो. मुलं हे सहज मान्य करतात. याच पद्धतीने 'च'चंही सांगता येतं. 'चार'मधला 'च' आणि 'चाक'मधला 'च' लिहायला एकच, म्हणायला दोन. असे शब्द समोर येतील तेव्हाच सांगावेत.

पुस्तक तीन-चार वेळा झालं की मूल ते डोळे मिटून म्हणू लागतं, आणि वाचतंय की पाठ म्हणतंय हे कळेनासं होतं. मग पुस्तकातलं एक वाक्य चुकीचं लिहून ठेवा : "टोपलीत मिरची होता." मुलाला सांगा की गोष्टीत एक चूक शिरली आहे, शोध. जे मूल खरोखर वाचतं ते 'होता'वर थांबतं आणि "होती!" म्हणतं. त्या एका शब्दात त्याचं वाचन आणि त्याची तो-ती-ते यांची समज, दोन्ही तपासली जातात. चूक सापडली नाही, तर वाक्यं शब्दाशब्दाने कापून टेबलावर मांडा आणि नवी वाक्यं जुळवायला द्या. 'कांदा', 'वांगं' एका रांगेत, 'कांद्याला', 'मिरचीला' दुसऱ्या रांगेत, 'म्हणाला', 'म्हणाली', 'म्हणालं' तिसऱ्या रांगेत. कुठलाही तुकडा कुठेही बसत नाही, हे हाताने लावून पाहताना कळतं.

एकापेक्षा जास्त मुलं असतील, किंवा रविवारच्या मराठी शाळेतल्या मैत्रिणी आल्या असतील, तर राजा-मंत्री-चोर-शिपाई खेळा. चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही, म्हणून ती स्वतःलाच वाचावी लागते. चार-पाच डावांनंतर मुलं शब्द ओळखू लागतात, वाचत नाहीत. तेव्हा 'चोर'ची चिठ्ठी ठेवून बाकीच्या तीन बदला : मोर, दोर, चार. आता एका अक्षराचा किंवा एका मात्रेचाच फरक आहे, आणि चोर कोण हे कळायला पूर्ण शब्द वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

रोज दहा ते पंधरा मिनिटं पुरेत. मुलाला आणखी एक डाव हवा असतो तेव्हाच थांबावं. ज्या घरात एकाच पालकाला मराठी येतं, तिथे दुसऱ्या पालकाला मुलाच्या रांगेत बसवा. त्यालाही 'आणला' की 'आणली' ओळखायचं आहे आणि मूल त्याला शिकवतं. अशा घरांत मला मुलं अधिक बोलताना दिसली आहेत, कारण तिथे त्यांना चुका दाखवायचा हक्क मिळतो.

अकरा-बारा वर्षांच्या मुलांना कांदा-वांग्याची गोष्ट बालिश वाटते, आणि ती लादू नये. त्यांच्यासाठी 'नाव-गाव-फळ-फूल' देवनागरीत लिहून खेळावं. पाचवा रकाना म्हणून 'ला' लावलेलं रूप ठेवा : फळाच्या रकान्यात आंबा लिहिला तर पाचव्यात 'आंब्याला', फणस लिहिला तर 'फणसाला'. त्याला वेगळा गुण द्या. मोठ्या मुलांना गुण मोजायला आवडतं आणि आजोबांना हरवायला त्याहून जास्त आवडतं. त्यांना फोनवर मराठी कळफलक लावून द्या, म्हणजे डावाच्या शेवटी गुणांचा तक्ता तेच टाइप करून साताऱ्याला पाठवतील.